एक जुलैपासून मागे मोजताना

अमेरिकेत दरवर्षी १ जुलैच्या सुमारास हजारो नवे डॉक्टर एकाच वेळी कामावर रुजू होतात. रुग्णालयांमधलं पदव्युत्तर प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी, तिथे याच तारखेला सुरू होते. तिथलं वैद्यकीय वर्ष इथून मोजलं जातं. भारतात एमबीबीएस होऊन अमेरिकेत डॉक्टरी करायची असेल, तर रेसिडेन्सीतून जाणं हाच मुख्य मार्ग आहे. इथे एमडी मेडिसिन केलेल्या, दहा वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या डॉक्टरलाही बहुतेक वेळा तिथे पहिल्या वर्षाचा रेसिडेंट म्हणूनच सुरुवात करावी लागते. टेनेसी राज्याने २०२३मध्ये कायदा करून परदेशात प्रशिक्षण झालेल्या डॉक्टरांसाठी वेगळी वाट काढली, त्यानंतर आणखी काही राज्यांनीही तसे कायदे केले. पण इंटर्नशिप नुकतीच संपवलेल्या मुलामुलींना या वाटांचा आज फारसा उपयोग नाही.

त्यामुळे महाराष्ट्रातल्या अनेक महाविद्यालयांच्या वसतिगृहांत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून यूएसएमएलई हा शब्द ऐकू येतो. अमेरिकेतल्या वैद्यकीय परवान्याची ही परीक्षा १९९२पासून या स्वरूपात घेतली जाते. तिथे शिकलेले आणि बाहेरून आलेले असे दोघेही तीच परीक्षा देतात. बाहेरच्यांची पदवी, कागदपत्रं आणि पात्रता तपासण्याचं काम ईसीएफएमजी ही संस्था करते. फिलाडेल्फियातली ही संस्था १९५६पासून आहे. तिच्या प्रमाणपत्राशिवाय कुठलंही मान्यताप्राप्त रुग्णालय परदेशी डॉक्टरला रेसिडेंट म्हणून घेऊ शकत नाही.

पालकांना वाटतं, एक अवघड परीक्षा आहे, मुलगी हुशार आहे, ती पास होईल आणि जाईल. प्रत्यक्षात परीक्षा हा या सगळ्याचा सर्वांत समजण्याजोगा भाग आहे. कारण तिचा अभ्यासक्रम, तिची पुस्तकं, तिचा निकाल सगळ्यांसमोर असतं. अडचण येते ती क्रमाची. कुठली गोष्ट आधी, कुठली नंतर, आणि कुठली एकदा केली की परत बदलता येत नाही, हे ज्याला वेळेवर कळत नाही त्याची दोन-दोन वर्षं जातात. आणि या क्षेत्रात गेलेलं वर्ष नुसतं जात नाही. अनेक कार्यक्रम पदवी मिळून पाच वर्षांहून अधिक काळ झालेल्या उमेदवारांचे अर्ज उघडतही नाहीत. संगणकावर तशी चाळणी लावलेली असते. म्हणून आराखडा आजपासून पुढे आखण्यापेक्षा १ जुलैपासून मागे मोजत आखणं बरं.

आधी परीक्षा काय असते ते पाहू. तिचे तीन टप्पे आहेत. स्टेप वनमध्ये शरीररचना, विकृतिशास्त्र, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र असे पायाभूत विषय येतात. आठ तासांच्या एका दिवसात जास्तीत जास्त २८० प्रश्न असतात. स्टेप टू सीके ही आजारी माणसाचं काय करायचं याची परीक्षा. ती नऊ तासांची असते आणि तिच्यात ३१८पर्यंत प्रश्न येतात. या दोन्ही परीक्षा भारतातल्या प्रोमेट्रिक केंद्रांवर संगणकावर देता येतात. स्टेप थ्री दोन दिवसांची असते आणि ती अमेरिकेतच द्यावी लागते. बहुतेक जण ती रेसिडेन्सी सुरू झाल्यावर देतात. पूर्वी यांच्याजोडीला सीएस नावाची प्रात्यक्षिक परीक्षा होती. रुग्णाची भूमिका करणाऱ्या माणसांशी बोलून ती द्यावी लागे, आणि त्यासाठी अमेरिकेचा खास प्रवास करावा लागे. कोविडमध्ये ती थांबली आणि जानेवारी २०२१मध्ये कायमची बंद झाली. तिच्या जागी आता ओईटी ही वैद्यकीय इंग्रजीची परीक्षा आणि उमेदवाराची प्रत्यक्ष कामाची पात्रता दाखवणारे काही ‘पाथवे’ आहेत. इंटर्नशिप संपवून महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेची कायम नोंदणी मिळालेल्या डॉक्टरला त्यातला पहिला पाथवे सोयीचा पडतो. तुम्ही आपल्या देशात स्वतंत्रपणे डॉक्टरी करायला पात्र आहात, एवढं त्यात सिद्ध करायचं असतं.

विद्यापीठाची परीक्षा आणि ही परीक्षा यांत फरक कसा आहे, ते एका उदाहरणावरून कळेल. आपल्याकडे प्रश्न येतो, ‘क्षयरोगावरील औषधे व त्यांचे दुष्परिणाम लिहा.’ पाठ असेल तर दोन पानं सहज भरतात. स्टेप वनमध्ये ‘क्षयरोग’ हा शब्द कदाचित येणारही नाही. दोन महिन्यांपासून काही गोळ्या घेणारा चाळिशीचा माणूस आहे, त्याच्या पायांना मुंग्या येतात, तळव्यांची संवेदना कमी झाली आहे, छातीच्या क्ष-किरण चित्रात वरच्या भागात डाग आहे, असं वर्णन येतं. मग विचारलं जातं की हे टाळण्यासाठी सुरुवातीपासून काय द्यायला हवं होतं. वाचणाऱ्याने आधी आजार ओळखायचा, मग औषध, मग ते आयसोनियाझिड बी-सहा जीवनसत्त्वाच्या कामात अडथळा आणतं हे आठवायचं, आणि पर्यायांतून पायरिडॉक्सिन निवडायचं. त्यासाठी सव्वा ते दीड मिनिट मिळतं. सीकेमध्ये हाच माणूस पुन्हा भेटेल. आता त्याला मळमळतं आहे आणि यकृताचं एक विकर मर्यादेच्या चौपट झालं आहे. औषधं चालू ठेवायची, एकेक कमी करायची, की सगळी यकृताला अपाय करणारी औषधं लगेच थांबवायची? लक्षणं असताना तिप्पट आणि नसताना पाचपट हा निकष ज्याला माहीत आहे तो थांबवतो.

काही प्रश्न आपल्या मुलांना वेगळ्याच कारणाने अडतात. कर्करोगाचं निदान झालं आहे, मुलगा डॉक्टरला बाजूला घेऊन म्हणतो, ‘वडिलांना सांगू नका.’ आपल्या वॉर्डात हे रोज घडतं आणि रोज ऐकलंही जातं. तिथे अपेक्षित उत्तर असं की आधी रुग्णालाच विचारा, त्याला स्वतःच्या आजाराबद्दल किती आणि काय जाणून घ्यायचं आहे. भरपूर वाचलेले विद्यार्थीही इथे चुकतात. त्यांनी हे कधी पाहिलेलंच नसतं. असे प्रश्न सोडवताना घरच्या सवयीवर भरवसा ठेवू नये.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. २६ जानेवारी २०२२पासून स्टेप वनचे गुण जाहीर होत नाहीत, फक्त उत्तीर्ण की अनुत्तीर्ण एवढंच कळतं. अनेकांना हा दिलासा वाटला. पण गुणांचं सगळं वजन त्यामुळे सीकेवर आलं. सीकेचा उत्तीर्णांक जुलै २०२५पासून २१८ आहे, आणि अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांची सरासरी २५०च्या आसपास असते. समजा, एखादा घाईने परीक्षेला बसला आणि २२२ मिळवून उत्तीर्ण झाला. आता त्याला ती परीक्षा पुन्हा देता येत नाही. उत्तीर्ण झालेली स्टेप परत देण्याची मुभाच नाही. हे २२२ त्याच्या प्रत्येक अर्जावर कायम राहणार. नापास झालेल्याला निदान पुढच्या वेळी चांगले गुण मिळवता येतात, अर्थात नापासाचा शिक्काही नोंदीत राहतोच. शिवाय एका स्टेपचे आयुष्यभरात चारच प्रयत्न मिळतात. म्हणून सीकेची तारीख मित्रांनी घेतली म्हणून घ्यायची नसते. परीक्षा तयार करणारी एनबीएमई ही संस्था सराव चाचण्या विकते. परीक्षेच्या आधीच्या पाच-सहा आठवड्यांत अशा दोन-तीन चाचण्या, पूर्ण वेळ लावून, एका बैठकीत सोडवाव्यात. आकडा हवा तिथे पोचला नसेल तर तारीख पुढे ढकलावी. ढकलण्याची फी भरताना जीव चुटपुटतो खरा, पण ती फी परवडते, कायमचा कमी आकडा परवडत नाही.

स्टेप वनलाही हलकं घेण्यासारखं नाही. अमेरिकेबाहेरच्या महाविद्यालयांतल्या साधारण चौघांपैकी एक जण पहिल्या प्रयत्नात अडकतो. गुण कळत नाहीत म्हणून जेमतेम तयारीने बसणं, हे त्याचं एक कारण मला वाटतं.

आता प्रत्यक्ष आराखडा पाहू. एक विद्यार्थिनी धरू. ती महाराष्ट्रातल्या एखाद्या शासकीय महाविद्यालयात आहे. तिची इंटर्नशिप एप्रिल २०२६ ते मार्च २०२७ अशी आहे. तिला मेडिसिन करायचं आहे आणि १ जुलै २०२८ला रुजू व्हायचं आहे.

मागे येऊ. रुजू होण्याआधी व्हिसा हवा, त्यासाठी एप्रिल ते जून हे तीन महिने. त्याआधी मार्च २०२८मध्ये ‘मॅच’चा निकाल. त्याआधी फेब्रुवारीअखेरीच्या सुमारास पसंतीची यादी. ऑक्टोबर २०२७ ते जानेवारी २०२८ मुलाखती. सप्टेंबर २०२७मध्ये अर्ज. अर्जात सीकेचे गुण हवेत, आणि निकालाला दोन ते चार आठवडे लागतात, म्हणजे सीके उशिरात उशिरा जुलै २०२७ला व्हायलाच हवी. पण उशिरात उशिराच्या तारखेवर आराखडा उभा करू नये. ताप आला, केंद्रावर जागा मिळाली नाही, सराव चाचणीत आकडा खाली आला, असं काहीही होतं. म्हणून ती सीके डिसेंबर २०२६मध्ये, इंटर्नशिपच्या उत्तरार्धात ठेवते. अंतिम वर्षाचा अभ्यास तेव्हा ताजा असतो. मेडिसिन आणि सर्जरीच्या ड्यूट्या पहिल्या सहामाहीत संपतील आणि हलक्या ड्यूट्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतील, असं वेळापत्रक मागून घेता आलं तर उत्तम. स्टेप वन तिने त्याच्या बरीच आधी, दुसरं एमबीबीएस झाल्यावर, पॅथॉलॉजी आणि फार्माकॉलॉजी डोक्यात असतानाच दिलेली असते. वैद्यकीय शिक्षणाची दोन वर्षं पूर्ण झाली की तिला बसता येतं. मात्र फार आधी देण्यातही धोका आहे. प्रमाणपत्रासाठी लागणाऱ्या परीक्षा सात वर्षांच्या आत पूर्ण व्हाव्या लागतात.

मार्च २०२७नंतरचे महिने सर्वांत दाटीचे. इंटर्नशिप संपली की परिषदेची कायम नोंदणी आणि विद्यापीठाची पदवी हाती यायला हवी. ईसीएफएमजी तात्पुरत्या प्रमाणपत्रावर भागवत नाही, तिला अंतिम पदवी लागते, आणि ती खरी आहे हे महाविद्यालयाकडून थेट पडताळून घेते. पदवी येण्यात दोन महिने गेले, त्या कार्यालयात कागद पडून राहिला, की पुढचं सगळं सरकतं. महाविद्यालयात ही पडताळणी कोण करतं, कुणाच्या सहीने जाते, हे इंटर्नशिप चालू असतानाच जाऊन विचारावं.

इथे नावाची गोष्ट सांगायलाच हवी, कारण ती खास आपल्याकडची आहे. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव असतं. आईचं नाव कुठे असतं, कुठे नसतं. पासपोर्टवर कुणी वडिलांचं नाव पहिल्या नावाला जोडून लावतं, कुणी लावतच नाही. लग्नानंतर बदललेलं नाव आणखी वेगळं. परीक्षा केंद्रावर प्रवेशपत्रावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं. जुळलं नाही तर बसू देत नाहीत आणि फी जाते. पदवीवरचं नाव वेगळं असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत याचा कागदोपत्री पुरावा द्यावा लागतो. ईसीएफएमजीकडे पहिली नोंदणी करण्याआधी पासपोर्ट, दहावीचं प्रमाणपत्र आणि महाविद्यालयातली नोंद शेजारी ठेवून पाहावी. दुरुस्ती करायचीच असेल तर पहिल्या-दुसऱ्या वर्षात करावी. इंटर्नशिपनंतर त्यासाठी वेळ उरत नाही.

एप्रिल ते जून २०२७मध्ये तिला अमेरिकेत जायचं आहे. निवड करणारे डॉक्टर उमेदवाराने अमेरिकन रुग्णालयात काही काळ घालवला आहे का आणि तिथल्या कुणी त्याच्याबद्दल शिफारसपत्र लिहिलं आहे का, ते पाहतात. पदवीआधी गेलं तर ‘इलेक्टिव्ह’ करता येतं, त्यात विद्यार्थी म्हणून रुग्णाला तपासता येतं, म्हणून त्याचं वजन जास्त. पदवीनंतर बहुतेक ठिकाणी फक्त ‘ऑब्झर्व्हरशिप’ मिळते. तिथे वॉर्डातून फिरायचं, चर्चेत भाग घ्यायचा, पण रुग्णाला हात लावायचा नाही. आपल्या विद्यार्थिनीचं इंटर्नशिपचं वेळापत्रक आणि महाविद्यालयाची परवानगी जुळली असती, तर इलेक्टिव्ह बरं झालं असतं. जुळलं नाही, म्हणून ती ऑब्झर्व्हरशिपला जाते. दोन शहरांत आठ-दहा आठवडे. शिफारसपत्रासाठी चार आठवडे एकाच डॉक्टरबरोबर राहणं हे चार डॉक्टरांबरोबर एकेक आठवडा राहण्यापेक्षा चांगलं. एका आठवड्यात कुणी कुणाला ओळखत नाही, आणि ते पत्रातून लगेच जाणवतं. पैसे घेऊन अशा जागा जुळवून देणाऱ्या अनेक संस्था आहेत. पैसे भरण्याआधी तो डॉक्टर खरोखर शिकवणाऱ्या रुग्णालयात आहे की नुसत्या खासगी दवाखान्यात, हे विचारून घ्यावं. या प्रवासासाठी लागणारा व्हिसा निघायच्या महिन्यात मिळत नाही. मुलाखतीची तारीखच अनेकदा फार लांबची मिळते, त्यामुळे अर्ज इंटर्नशिपमध्येच करावा लागतो.

ओईटी ती ऑगस्टमध्ये देते. तिचा निकाल दोनच वर्षं धरला जातो, त्यामुळे दोन-तीन वर्षं आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही.

आणि आता बंधपत्र. महाराष्ट्रात शासकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झालेल्यांना एक वर्ष शासनाची सेवा द्यावी लागते. ती न दिल्यास दहा लाखांचा दंड आहे. आराखडे बहुतेक इथेच फसतात, कारण ते परदेशी परीक्षेच्या माहितीवरून आखलेले असतात आणि त्या माहितीत बंधपत्र कुठेच नसतं. आपल्या विद्यार्थिनीला नेमणूक जुलै २०२७मध्ये मिळाली तर तिचं वर्ष जून २०२८ला संपतं आणि सगळं जेमतेम बसतं. नेमणूक सप्टेंबरला मिळाली तर सेवा सप्टेंबर २०२८पर्यंत चालेल आणि १ जुलै हुकेल. मग दोनच पर्याय. दहा लाख भरायचे किंवा अर्ज वर्षभर पुढे ढकलून १ जुलै २०२९ धरायचा. माझं मत स्पष्ट आहे. नेमणूक जुलैच्या पुढे जाते आहे असं दिसलं तर सप्टेंबर २०२७मध्ये अर्ज करू नये. मॅचचा निकाल बंधनकारक असतो. जागा मिळाल्यावर ‘माझी सेवा संपली नाही’ म्हणून नकार दिला तर तो नियमभंग ठरतो आणि पुढच्या वर्षांत सहभागी होण्यावरही बंदी येऊ शकते. एक वर्ष थांबून बंधपत्र पूर्ण करून गेलेल्या डॉक्टरच्या अर्जात ग्रामीण रुग्णालयातलं एक वर्ष दिसतं, आणि ते प्रत्यक्ष रुग्णसेवेचं असल्याने त्याला मान आहे. रिकामं वर्ष मात्र अर्जात टोचतं.

बंधपत्राच्या वर्षात मुलाखती देणं अशक्य नाही. कोविडनंतर बहुतेक मुलाखती ऑनलाइन होतात. न्यूयॉर्कमध्ये हिवाळ्यात सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. दिवसाची ओपीडी संपवून मुलाखतीला बसता येतं. अडचण नेटवर्कची. तालुक्याच्या गावी राहणाऱ्याने त्या दिवसांपुरती शहरात नातेवाइकांकडे सोय आधीच करून ठेवावी, आणि रात्रीच्या ड्यूटीची अदलाबदल सहकाऱ्याशी बोलून घ्यावी.

अर्ज किती करायचे, यावर पुष्कळ पैसे खर्च होतात. पहिल्या तीस कार्यक्रमांना फी कमी असते, त्यापुढच्या प्रत्येकाला तीस डॉलरच्या आसपास पडते. परदेशी उमेदवार शंभराहून अधिक ठिकाणी अर्ज करतात. सव्वाशे ठिकाणी केले तर तीन हजार डॉलर निव्वळ यातच जातात. स्टेप वन आणि सीके यांची फी प्रत्येकी हजार डॉलरहून अधिक. त्यात अमेरिकेचा प्रवास, राहणं, ऑब्झर्व्हरशिपचे पैसे, प्रश्नसंचांची वर्गणी धरली की खर्च दहा-पंधरा लाखांच्या घरात सहज जातो. तो तीन वर्षांत विभागून येतो, पण कर्ज काढणाऱ्या घराने एकूण आकडा आधीच समोर ठेवावा. वाया जाणारे पैसे वाचवण्याचा एक मार्ग आहे. प्रत्येक कार्यक्रमाच्या संकेतस्थळावर सध्याचे रेसिडेंट कुठल्या महाविद्यालयांतले आहेत ते दिलेलं असतं. ज्या यादीत गेल्या तीन वर्षांत एकही परदेशी पदवीधर नाही, तिथे अर्ज करू नये. जिथे व्हिसा देत नाहीत तिथेही नाही.

मॅच हा प्रकार आपल्याकडच्या मुलांना सुरुवातीला गोंधळात टाकतो, कारण आपल्याला रँकनुसार जागा निवडायची सवय आहे. तिथे मुलाखती झाल्यावर उमेदवार आपल्या पसंतीने कार्यक्रमांची यादी लावतो, कार्यक्रम आपल्या पसंतीने उमेदवारांची यादी लावतात, आणि संगणक दोन्ही जुळवतो. ही रीत १९९८पासून ज्या रूपात वापरली जाते ते अर्थतज्ज्ञ ॲल्विन रॉथ यांच्या कामावर उभं आहे. रॉथ यांना पुढे २०१२मध्ये नोबेल मिळालं. या रीतीत उमेदवाराला चलाखी करण्याची गरज नसते. सर्वांत आवडता कार्यक्रम आवाक्याबाहेरचा वाटला तरी तोच पहिला लिहावा. तो मिळाला नाही म्हणून दुसऱ्या पसंतीची जागा हुकत नाही, दुसऱ्या पसंतीवर त्याचा दावा जसाच्या तसा राहतो. ‘जिथे नक्की घेतील ते आधी लिही’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. तो ऐकू नये.

निकाल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात लागतो. सोमवारी जागा मिळाली की नाही एवढंच कळतं, कुठे मिळाली ते शुक्रवारी. अलीकडच्या वर्षांत अमेरिकी नागरिक नसलेल्या परदेशी पदवीधरांपैकी शंभरातल्या साधारण अठ्ठावन्न जणांना जागा मिळते. तिथल्याच एमडी महाविद्यालयांतल्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांत हे प्रमाण त्र्याण्णवच्या पुढे आहे. म्हणजे सगळ्या परीक्षा उत्तीर्ण होऊन, अर्ज करून, यादी लावूनही शंभरातले चाळीसहून अधिक रिकाम्या हाताने राहतात. तेही चांगले शिकलेले डॉक्टर असतात. त्या आठवड्यात उरलेल्या जागांसाठी एक फेरी होते, पण त्या जागा थोड्या असतात. म्हणून पहिल्या अर्जाच्या वेळीच घरात बोलणं झालेलं असावं, की नाही मिळालं तर पुढचं वर्ष कशाला द्यायचं. दुसऱ्यांदा अर्ज करणाऱ्याने तोच अर्ज पुन्हा पाठवला तर निकाल सहसा तोच येतो. नवं काहीतरी हवं. नवी शिफारसपत्रं, संशोधनाचं काम किंवा स्टेप थ्रीचा उत्तीर्ण निकाल. आणि जे नीट पीजी आणि यूएसएमएलई एकाच वर्षात देऊ पाहतात त्यांच्याबद्दल मला काळजी वाटते. दोन्हींचा अभ्यासक्रम मिळताजुळता दिसतो, पण विचारण्याची पद्धत इतकी वेगळी आहे की दोन्हीकडे अर्धवट आकडा येतो, आणि सीकेचा अर्धवट आकडा तर पुसताच येत नाही.

एका धोक्याबद्दल ठामपणे सांगायला हवं. आठवलेले प्रश्न गोळा करून वाटणारे गट मोबाइलवर सर्रास असतात. जानेवारी २०२४मध्ये नेपाळशी संबंधित परीक्षार्थींच्या निकालांत विसंगती आढळल्याचं सांगून परीक्षा संस्थेने त्यातल्या अनेकांचे गुण रद्द केले. प्रकरण अमेरिकेच्या न्यायालयात गेलं, पण स्थगिती मिळाली नाही. ज्यांना गुण वाचवायचे होते त्यांच्यापुढे पडताळणीची परीक्षा नव्याने देण्याचा पर्याय ठेवला गेला. मॅच तोंडावर आलेली असताना हे घडलं. अशा गटात नुसतं सामील असणंही चौकशीला कारण ठरू शकतं. तिथून बाहेर पडावं.

राहिला व्हिसा. बहुतेकांना जे-वन मिळतो. त्याची जामीनदार ईसीएफएमजीच असते, आणि त्यासाठी भारताच्या आरोग्य मंत्रालयाचं ‘स्टेटमेंट ऑफ नीड’ लागतं. प्रशिक्षण संपल्यावर या व्हिसावरच्या डॉक्टरला दोन वर्षं मायदेशी परतावं लागतं. तिथेच राहायचं तर ती अट माफ करून घ्यावी लागते. त्यासाठीची प्रसिद्ध वाट म्हणजे कॉनराड ३०. प्रत्येक राज्य वर्षाला तीस डॉक्टरांची अट माफ करू शकतं, बदल्यात त्या डॉक्टरने डॉक्टरांची टंचाई असलेल्या भागात तीन वर्षं काम करायचं. एच-वन-बी व्हिसाला ही परतीची अट नाही, पण त्यासाठी रुजू होण्याआधी स्टेप थ्री उत्तीर्ण असावी लागते. स्टेप थ्रीला बसायला ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र लागतं आणि अमेरिकेला जावं लागतं. म्हणजे एच-वन-बी हवा असेल तर आराखड्यात निदान पाच-सहा महिने वेगळे धरावे लागतात. शिवाय सप्टेंबर २०२५मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी देशाबाहेरून येणाऱ्यांच्या नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश काढला. इतका खर्च रेसिडेंटसाठी करायला रुग्णालयं सहजी तयार होणार नाहीत. म्हणून आज आराखडा आखताना जे-वन धरून चालणं व्यवहार्य आहे. त्यातही मे २०२५अखेर विद्यार्थी आणि जे-वन व्हिसांच्या नव्या मुलाखतींची नोंदणी काही आठवडे थांबवली गेली, आणि १ जुलै अगदी जवळ आलेली असताना अनेक नवे रेसिडेंट आपापल्या देशात अडकून पडले. मॅचचा निकाल लागल्यावर रुग्णालयाने मागितलेला प्रत्येक कागद त्याच आठवड्यात पाठवावा, आणि व्हिसाच्या मुलाखतीची मिळेल ती पहिली तारीख घ्यावी.

तिथे पोचल्यावर मेडिसिनची तीन वर्षं. मधल्या काळात स्टेप थ्री. मग ज्या राज्यात काम करायचं त्या राज्याचा परवाना, कारण अमेरिकेत डॉक्टरीचा परवाना केंद्र सरकार देत नाही, राज्याचं मंडळ देतं, आणि परदेशी पदवीधराने रेसिडेन्सीची किती वर्षं पूर्ण केलेली असावीत हे प्रत्येक राज्य आपापलं ठरवतं. हृदयरोगतज्ज्ञ व्हायचं तर आणखी तीन वर्षं फेलोशिप, त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा मॅच. दुसऱ्या एमबीबीएसला स्टेप वनचं पुस्तक उघडलेल्या आपल्या विद्यार्थिनीची फेलोशिप २०३४च्या जूनमध्ये संपेल. जे-वनवर प्रशिक्षणाला एकूण सात वर्षांची मर्यादा आहे, आणि तिची यात सहा लागतात. एखादं वर्ष आजारपणाने किंवा बाळंतपणाने वाढलं तरी ती मर्यादेत बसते, दोन वाढली तर मात्र तिला आधीच ईसीएफएमजीशी बोलावं लागेल.